कोठडीतील मृत्यू आणि दंडाधिकारी चौकशी (जव्हार–मोखाडा परिसर)

पोलिसांच्या ताब्यात किंवा न्यायालयाच्या आदेशाने ठेवलेल्या कोठडीत माणूस मरण पावला, बेपत्ता झाला किंवा ताब्यातील स्त्रीवर बलात्कार झाल्याचा आरोप झाला, तर त्या घटनेची स्वतंत्र चौकशी दंडाधिकाऱ्याने करावी असे भारतीय कायदा सांगतो. ही तरतूद आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वी तीच दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १७६ मध्ये होती. न्यायदंडाधिकाऱ्याकडून चौकशीची सक्ती करणारे त्यातील १-अ हे पोटकलम २००६ पासून लागू झाले. त्याआधी असे मृत्यू बहुतेक वेळा कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या, म्हणजे महसूल अधिकाऱ्याच्या चौकशीवर संपत असत.

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत हा भेद समजून घेणे गरजेचे आहे. तिथे दंडाधिकारी म्हटले की लोकांपुढे प्रांत किंवा तहसीलदार उभे राहतात, कारण जमिनीच्या, दाखल्याच्या आणि वनहक्काच्या कामासाठी त्यांच्याच कचेरीत जावे लागते. प्रांत हे कार्यकारी दंडाधिकारी आहेत. कोठडीतील मृत्यूची चौकशी मात्र ज्याच्या हद्दीत घटना घडली त्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाते. पोलीस ठाण्यातील मृत्यू असेल तर जव्हारच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे न्यायालय आणि ठाणे-कल्याणच्या तुरुंगात मृत्यू झाला असेल तर तिकडचे न्यायालय. घरचे माणूस शेवटचे जव्हारला पाहिलेले असते आणि चौकशी शंभरेक किलोमीटरवर चालते. कामावर गेल्याशिवाय चूल न पेटणाऱ्या घराला या अंतराची किंमत मोजावी लागते.

ताबा कुठून सुरू होतो

वारली, कोकणा, कातकरी, कोळी मल्हार या समाजांची वस्ती असलेल्या या डोंगराळ भागात पोलिसांशी पहिली गाठ बहुधा चोरीच्या संशयातून, दारूच्या गुन्ह्यातून किंवा आपसातल्या भांडणातून पडते. "चौकशीला ये" असा निरोप मिळतो आणि माणूस ठाण्यात जाऊन बसतो. त्याची अटक कागदावर नसते. अटकेची वेळ टाकली की चोवीस तासांत न्यायालयापुढे हजर करण्याची मुदत सुरू होते, म्हणून काही वेळा ती वेळ उशिराची टाकली जाते. नोंदीत नसलेल्या या मधल्या तासांतच मारहाणीचा धोका सर्वांत जास्त असतो. घरच्यांनी करण्यासारखी पहिली गोष्ट साधी आहे: कोण कधी घेऊन गेले, कोणत्या गाडीने, कोणी पाहिले हे त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि त्या दिवसाचा पुरावा राहील असा लेखी संदेश किंवा अर्ज पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा. अटक झाली की एका नातेवाइकाला किंवा आरोपी सांगेल त्या व्यक्तीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी घालून दिलेल्या अटींमधला हा नियम आता संहितेतच आला आहे.

वनखात्याच्या ताब्यातील माणसाबाबत मात्र कायद्याची भाषा अपुरी पडते. कलम १९६ पोलिसांचा ताबा आणि दंडाधिकाऱ्याने किंवा न्यायालयाने अधिकृत केलेला ताबा, एवढेच शब्द वापरते. वनरक्षकाने नाक्यावर बसवून ठेवलेला, अजून न्यायालयापुढे न नेलेला माणूस या शब्दांत सहज बसत नाही. जंगलावर जगणाऱ्या तालुक्यांत ही उणीव कागदापुरती राहत नाही.

वैद्यकीय तपासणी: काय पाहायचे

अटकेनंतर लवकरात लवकर वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासणी करावी, अंगावरच्या जखमा आणि त्या साधारण केव्हाच्या आहेत हे लिहावे, स्त्री असेल तर स्त्री डॉक्टरने तपासावे किंवा तिच्या देखरेखीखाली तपासणी व्हावी, आणि अहवालाची प्रत अटकेतील व्यक्तीला किंवा तिने सांगितलेल्या माणसाला द्यावी, हे कलम ५३ सांगते. कोठडी चालू असेपर्यंत दर ४८ तासांनी पुन्हा तपासणी हा बसू खटल्यातला नियम आहे. मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जव्हारच्या उपजिल्हा रुग्णालयात ही तपासणी होते, तेव्हा खोलीत पोलीस हजर असतो आणि प्रश्नाचे उत्तरही अनेकदा तोच देतो. तपासला जाणारा वारली बोलीत हळू आवाजात काही सांगत असेल, तर बाहेरगावच्या डॉक्टरपर्यंत ते पोहोचतेच असे नाही. "जखमा नाहीत" हा शेरा एवढ्यावरही पडू शकतो.

लाठीचा वण ओळखता येतो. दोन समांतर लालसर रेघा आणि मध्ये फिकट पट्टा, अशी त्याची खूण असते. गोल काठी अंगावर आदळली की रक्त दोन्ही बाजूंना ढकलले जाते, म्हणून ती तशी दिसते. आपटून पडल्याने असा वण उठत नाही. सावळ्या त्वचेवर मुका मार लगेच दिसत नाही. खोलवरचा मार एक-दोन दिवसांनी वर येतो, निळा-जांभळा दिसतो आणि आठवड्याभरात हिरवट-पिवळसर होत जातो. म्हणूनच पहिल्या दिवसाच्या कोऱ्या अहवालावर कुणी विसंबू नये आणि दुसऱ्या तपासणीचा आग्रह धरावा. तळपाय, मांड्या, नितंब आणि पाठ या जागा कपड्याखाली राहतात, आणि मारण्यासाठी नेमक्या त्याच निवडल्या जातात. अंगभर मार खाल्लेल्या माणसाची लघवी गडद तपकिरी झाली, तर फाटलेल्या स्नायूंतले द्रव्य मूत्रपिंडात अडकत असल्याची ती खूण असू शकते. अशा माणसाला कोठडीत ठेवू नये, लगेच रुग्णालयात न्यावे.

मृत्यू झाल्यावर शवविच्छेदनातही हाच प्रश्न येतो. त्वचा वरून स्वच्छ दिसली तरी पाठीला आणि तळपायाला छेद देऊन खालचे रक्तस्राव पाहावे लागतात. एकेक जखम जीवघेणी नसताना अनेक जखमा मिळून माणसाचा जीव घेऊ शकतात. नातेवाइकांना कळवावे, शक्य असेल तर चौकशीच्या वेळी हजर राहू द्यावे आणि मृतदेह चोवीस तासांत शल्यचिकित्सकाकडे तपासणीस पाठवावा, असे कलम १९६ सांगते. विच्छेदनाचे चित्रीकरण व्हावे अशी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची १९९५ पासूनची सूचना आहे. कुटुंबाला शंका असेल तर अंत्यसंस्काराआधी दुसऱ्या तपासणीची लेखी मागणी करावी. पुरलेला देह पुन्हा काढून तपासण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला आहे, दहनानंतर मात्र ती वाट कायमची बंद होते.

परभणी, डिसेंबर २०२४

चौकशीचे पुढे काय होते, हे परभणीच्या प्रकरणात जेवढे उघड दिसते तेवढे दुसरीकडे क्वचितच दिसेल. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदमध्ये हिंसाचार झाला आणि पोलिसांनी धरपकड केली. कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी त्यात पकडले गेले. आधी पोलीस कोठडी, मग १४ तारखेला न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरला त्यांचा मृत्यू झाला. पोलिसांच्या मारहाणीची सूर्यवंशी यांनी दंडाधिकाऱ्यापुढे तक्रार केली नव्हती, असे सरकारच्या वतीने विधानसभेत सांगण्यात आले. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयातील शवविच्छेदनाने मात्र अनेक जखमांनंतरचा धक्का हे कारण नोंदवले. एकाच दंडाधिकाऱ्यापुढे उभे असलेल्या माणसाच्या गप्प राहण्याचा अर्थ किती वेगळा निघू शकतो, हे या दोन विधानांत दिसते. मागे पुन्हा त्याच ठाण्यात जायचे असेल, तर भर न्यायालयात तक्रार करायला मोठे धैर्य लागते. म्हणून दंडाधिकाऱ्याने केवळ "तक्रार आहे का" असे विचारून थांबू नये. आरोपीला पोलिसांपासून दूर घेऊन त्याचे अंग पाहावे आणि जे दिसेल ते रोजनाम्यात लिहावे.

दंडाधिकाऱ्याने चौकशी केली आणि मार्च २०२५ मध्ये तिचा अहवाल राज्य मानवी हक्क आयोगाकडे गेला. त्यात पोलिसांना जबाबदार धरले होते. तरीही गुन्हा नोंदला गेला नाही. कारण चौकशीचा अहवाल म्हणजे प्राथमिक खबर नव्हे आणि अहवाल आल्यावर पुढे काय करायचे, याबद्दल कलम १९६ गप्प आहे. सोमनाथ यांच्या आईने १८ डिसेंबर २०२४ रोजी दिलेली तक्रार तशीच पडून होती. त्यांच्या वतीने प्रकाश आंबेडकर यांनी औरंगाबाद खंडपीठापुढे नेमके हेच मांडले. न्या. विभा कंकणवाडी आणि न्या. संजय देशमुख यांच्या खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी त्या तक्रारीवरून एका आठवड्यात गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तिथे सरकारची याचिका फेटाळली गेली. मृत्यूपासून तोपर्यंत साडेसात महिने उलटले होते.

बदलापूरच्या बाल लैंगिक अत्याचार प्रकरणातील आरोपीच्या २३ सप्टेंबर २०२४ च्या मृत्यूतही हेच घडले. दंडाधिकाऱ्याच्या अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरले, आणि गुन्ह्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाला एप्रिल २०२५ मध्ये आदेश द्यावा लागला. अहवाल हाती आला म्हणजे न्याय मिळाला, असे कोणत्याही कुटुंबाने मानू नये.

तक्रारीच्या वाटा

जव्हार-मोखाड्यातील कुटुंबाने म्हणूनच अहवालाची वाट न पाहता स्वतःची लेखी तक्रार आधी द्यावी. ठाण्याने घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे, त्यांनीही नोंद घेतली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे, हा क्रम आहे. नव्या संहितेत इथे एक अडथळा आहे: सरकारी नोकराविरुद्ध तपासाचा आदेश देण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याला वरिष्ठांचा अहवाल आणि त्या नोकराचे म्हणणे पाहावे लागते. कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीबद्दल खटल्याला शासनाची मंजुरी लागते, हे संरक्षण त्याहून वेगळे आहे. ते खटल्याशी निगडित आहे, गुन्हा नोंदण्याशी नाही. मृत व्यक्ती अनुसूचित जमातीची असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लागतात का, हेही तक्रारीत मांडावे. ती लागल्यास तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो.

राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो. आयोग भरपाईची आणि कारवाईची शिफारस करतो, शिक्षा करत नाही. राज्य आणि विभागीय पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणांची तरतूदही महाराष्ट्रात आहे. ठाण्यातील कॅमेऱ्यांचे चित्रण अठरा महिने राखावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात म्हटले आहे. काही ठिकाणी तेवढी साठवण शक्य नसेल तर किमान एक वर्षाचे. चित्रण जपून ठेवण्याची मागणी तक्रारीतच घालावी, नाहीतर ते पुसले जाण्याची भीती असते. वकिलाचा खर्च हा अडसर नसावा: अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्यावा लागतो.