सिथो-द्रविड वंशप्रकार

सिथो-द्रविड हा ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी कल्पिलेला व पुढे शास्त्रज्ञांनी त्याज्य ठरविलेला वंशप्रकार होय. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त असताना त्यांनी भारतीयांचे सात प्रकार पाडले. महाराष्ट्रातील ब्राह्मण व कुणबी यांची डोकी रुंद आढळल्याने त्यांना शक व द्रविड यांच्या मिश्रणातून निर्माण झालेले मानले गेले.

पद्धत

रिस्ले यांचा भर नासिका निर्देशांकावर होता. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून १०० ने गुणले की तो मिळतो. ७० हून कमी म्हणजे अरुंद नाक, ७० ते ८५ मध्यम व त्यापुढे रुंद, असे वर्ग होते.

आक्षेप

५० मिमी उंचीच्या नाकाची रुंदी ३४ मिमी असल्यास निर्देशांक ६८ येतो, ३६ मिमी असल्यास ७२. म्हणजे दोन मिलिमीटरच्या फरकाने सख्खे भाऊही वेगळ्या वर्गांत जातात. मोजमापे सलग बदलतात. सीमा मोजणारा आखतो. मानवाचे पाच प्रकार सांगणाऱ्या ब्लूमेनबाख यांनीही १८व्या शतकात हे प्रकार एकमेकांत मिसळत जातात, असे मान्य केले होते. शिवाय रुंद डोके विशिष्ट पूर्वजांचा पुरावा ठरत नाही. १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखविले की, मानवी जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच लोकसमूहातील व्यक्तींमध्ये आढळते.