उखाणा (थट्टेचा)

नवविवाहिताने जोडीदाराची गोड थट्टा करत त्याचे नाव गुंफून म्हटलेले दोन ओळींचे यमकबद्ध मराठी लोकपद्य.

पत्नीने पतीचे नाव थेट उच्चारू नये, या रूढीतून 'नाव घेण्याची' प्रथा आली. गृहप्रवेश, घास भरवणे, मंगळागौर (पाहा : मंगळागौर), हळदीकुंकू व डोहाळजेवण हे तिचे प्रसंग. वरही उखाणा घेतो.

पहिली ओळ प्रसंग उभा करून यमक ठरवते. दुसरीत नाव येते. मात्रांचे बंधन सैल असते. उदा., 'चष्मा शोधत घर पालथं, चष्मा बसलाय कपाळी. माधवरावांची ही शोधाशोध रोजचीच सकाळी.' नाव बदलून तोच उखाणा दुसऱ्या कुणालाही वापरता येतो. म्हणून तो मौखिक परंपरेने पसरतो (पाहा : लोकसाहित्य). थट्टा जोडीदाराच्या सवयींपुरतीच असल्याने सासरच्या वडीलधाऱ्यांसमोरही ती चालते.