मुखपृष्ठाचा निळा जाईपर्यंतचे सतरा तास

दिवाळी अंकांच्या हंगामात पुढचं वेळापत्रक कुठल्या ना कुठल्या छापखान्यात घडतंच. मुखपृष्ठावर झगझगीत निळी पैठणी नेसलेली बाई आहे. सकाळी १० वाजता चार रंगांच्या ऑफसेट मशीनवर छपाई सुरू होणार आहे.

सायंकाळी ५, सतरा तास बाकी. चित्र आरजीबीमध्ये तयार झालं. पैठणीचा सर्वांत तेजस्वी ठिपका आहे 0, 0, 255. पडद्यावर हा निळा म्हणजे स्वतः उजेड देणारा दिवा. कागदावर दिवा नाही. कागदावर पडलेल्या उजेडातला काही भाग शाई गिळते आणि उरलेला आपल्याला दिसतो. छपाईच्या चार शाईंत निळी शाईच नसते. सायनवर मॅजेंटा चढवून निळा काढावा लागतो, आणि मॅजेंटा शाईनं गिळायचा असतो फक्त हिरवा प्रकाश. पण प्रत्यक्षात ती थोडा निळाही गिळते. सायनचंही तसंच, तिनं सोडायला हवा तो प्रकाशही थोडा तिच्यात मुरतो. दोन्ही एकमेकींवर चढल्या की निळा मंदावतो आणि जांभळ्याकडे झुकतो. हे नुकसान शाईचं आहे, कोणतंही सॉफ्टवेअर ते पूर्ण भरून काढू शकत नाही. ते किती व्हावं, एवढंच आपल्या हातात असतं.

रात्री ८, चौदा तास. मांडणीकार चित्राचं सीएमवायके करतो. छापखान्यानं `Coated FOGRA39` सांगितलं होतं, पण घाईत संगणकात आधीपासून असलेलं `U.S. Web Coated (SWOP) v2` तसंच राहतं. ते अमेरिकेतल्या रोटरी मशीनवरच्या मासिक-छपाईसाठीचं प्रोफाइल आहे. आपला शुद्ध निळा त्यात साधारण सायन ८८, मॅजेंटा ७७ होतो. प्रोफाइलच न वापरता निव्वळ वजाबाकी केली, तर दोन्ही १०० होतात आणि गडद जांभळा डाग पडतो.

प्रोफाइल म्हणजे मोजणीचा तक्ता. ठरलेल्या शाई-कागदावर रंगाचे शेकडो चौकोन छापून ते यंत्रानं मोजतात आणि कोणत्या आकड्यांतून डोळ्याला कोणता रंग दिसतो ते नोंदवतात. आकडे तेच ठेवून कागद बदलला की रंग बदलतो. म्हणून परक्या मशीनचं प्रोफाइल लावणं म्हणजे आपल्या मशीनबद्दल चुकीची माहिती देणं.

रात्री ८.१०. खरी हानी इथे होते, आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही. रेंडरिंग इंटेंट `Relative Colorimetric` आहे. छापता येतील ते रंग ही पद्धत जसेच्या तसे ठेवते. न येणारे मात्र आवाक्याच्या कडेवर नेऊन ठेवते. पैठणीच्या घडीघडीत निळ्याच्या दहा छटा होत्या. सगळ्याच आवाक्याबाहेरच्या, त्यामुळे त्या कडेवर एकमेकींना येऊन चिकटल्या. घड्या गेल्या, सपाट पट्टा उरला.

`Perceptual` निवडलं असतं, तर लोकलच्या बाकावर चौथ्याला जागा देताना तिघे थोडे थोडे सरकतात तसे सगळेच रंग आत सरकले असते. चित्र एकूण किंचित फिकं झालं असतं, पण छटांमध्ये थोडं अंतर राहिलं असतं. साडीसाठी हेच योग्य. चेहऱ्याच्या फोटोत बहुतेक रंग आवाक्यातच असतात. तिथे `Relative Colorimetric` आणि सोबत `Black Point Compensation` बरं.

रात्री १०, बारा तास. संपादकांना व्हॉट्सॲपवर चित्र जातं, पण ते मूळ आरजीबी जेपीजी. "छान आलंय," असं उत्तर येतं. पीडीएफ ॲक्रोबॅटमध्ये उघडून `Output Preview` मध्ये छापखान्याचं प्रोफाइल लावलं असतं, तर सपाट पट्टा तेव्हाच दिसला असता. प्रूफ मागवलेलं नाही.

सकाळी ७, तीन तास. चार प्लेटा निघाल्या. आता सीएमवायके फाइल पुन्हा आरजीबी करून उपयोग नाही. चिकटलेल्या छटा सुट्या होत नाहीत.

सकाळी ९.३०. चाचणीचे पहिले ताव निघतात. मशीनमन सायन वाढवतो. पण शाईची चावी ताव ज्या दिशेनं पुढे सरकतो त्या अख्ख्या पट्ट्याला लागू होते, त्यामुळे त्याच पट्ट्यातला बाईचा चेहरा काळवंडतो. सायन परत कमी करावी लागते.

सकाळी १०. अंक जांभळट साडीसह छापला जातो.

म्हणून काम हातात घेतानाच छापखान्याला प्रोफाइल विचारा आणि फोटोशॉपमध्ये `Proof Colors` व `Gamut Warning` लावून चित्र रंगवा. मूळ आरजीबी फाइल जपून ठेवा. छापखाना घेत असेल, तर प्रोफाइल जोडलेलं आरजीबी चित्र पीडीएफ/एक्स-४ मध्ये ठेवून रूपांतर त्याच्याकडेच सोपवा. पीडीएफ/एक्स-१ए मध्ये आरजीबी चालत नाही. एवढं करूनही पडद्यावरचा तो निळा चार शाईंत उतरणार नाही. त्याच्या जवळ जायचं असेल, तर पाचवी प्लेट आणि निळी स्पॉट शाई हा मार्ग आहे.