पडद्याचे घड्याळ आणि खेळाचे घड्याळ

सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा नवा पडदा घ्यावा, त्यावर एखादा व्हिडिओ गेम लावावा आणि सरळ रेषेत सरकणारा चेंडू मात्र बारीक हिसके देत पुढे जावा, हा अनुभव आज अनेकांना येतो. संगणक कमी पडतो म्हणून असे होत नाही. खेळातील हालचालींचे गणित एका घड्याळावर चालते आणि पडदा दुसऱ्यावर. ही दोन घड्याळे एकमेकांपासून कशी वेगळी झाली आणि पुन्हा कशी जुळवली गेली, हे पाहण्यासाठी आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

पहिला टप्पा संगणकाच्याही आधीचा आहे. १७६८ साली लिओनहार्ड ऑयलर या गणितज्ञाने कलनशास्त्रावरील आपल्या ग्रंथात, जी समीकरणे सरळ सुटत नाहीत ती लहान लहान पावलांनी सोडवण्याची रीत मांडली. आताचा वेग घ्यायचा, तो क्षणभर स्थिर आहे असे मानायचे, तेवढे पुढे सरकायचे आणि पुन्हा वेग काढायचा. खेळातील उडी, उतार आणि टक्कर यांचे गणित आजही मुळात याच रीतीने होते. या रीतीची एक अट मात्र पुढे फार महागात पडणार होती: पावलाची लांबी बदलली की उत्तरही थोडे बदलते.

व्हिडिओ गेमच्या आरंभकाळात ही अट कोणाला जाणवली नाही, कारण तेव्हा घड्याळ एकच होते. १९७२ च्या ‘पाँग’मध्ये प्रोसेसरच नव्हता. अ‍ॅलन अ‍ॅल्कॉर्न यांनी जोडलेली त्याची मंडले दूरचित्रवाणीच्या संकेताच्या तालावरच चेंडू हलवत. १९७८ मध्ये तोमोहिरो निशिकादो यांचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला, त्यात प्रोसेसर होता आणि खेळ त्याच्या दमाने चाले. शत्रू मारले जातील तसे काम हलके होई आणि उरलेले शत्रू अधिक वेगाने धावत. ही मर्यादाच त्या खेळाची रंगत ठरली. पडद्याशी बांधलेल्या वेळेचा तोटा दिसला तो देश बदलल्यावर. अमेरिका आणि जपानमध्ये दूरचित्रवाणी ६० हर्ट्झवर चाले, युरोपात ५० वर. त्यामुळे १९९१ चा ‘सॉनिक’ युरोपातील घरांत सुमारे सतरा टक्के संथ धावला.

डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ आला, तिथे आपण थोडे थांबू. त्याच्या कर्त्यांनी सेकंदाचे ३५ समान भाग केले आणि खेळातील प्रत्येक घडामोड त्या भागांना बांधली. तेव्हाचा व्हीजीए पडदा सेकंदाला ७० वेळा उजळे, म्हणजे एक पाऊल बरोबर दोन वेळा दिसे आणि डोळ्यांना ताल चुकल्यासारखे वाटत नसे. समान पावलांचा आणखी एक लाभ होता. कोणत्या पावलाला कोणती कळ दाबली, एवढीच नोंद ठेवली तरी संपूर्ण सामना जसाच्या तसा पुन्हा चालवता येई. डिसेंबर १९९७ मध्ये ‘डूम’चा मूळ कोड खुला झाला आणि पुढे ६० हर्ट्झचे पडदे घरोघर रुळले, तेव्हा ३५ पावले त्यांच्यावर नीट बसेनात. पावले वाढवावीत तर जुन्या नोंदी निरुपयोगी होणार. म्हणून काही हौशी प्रोग्रामरांनी गणिताला हातच लावला नाही. त्यांनी दोन पावलांच्या मधल्या जागा फक्त चित्र काढताना भरल्या.

दरम्यान दुसरी वाट चोखाळून झाली होती: प्रत्येक चित्राला जितका वेळ लागला तितकेच लांब पाऊल टाकायचे. ऑयलरची अट इथे उलटली. १९९९ च्या ‘क्वेक थ्री’मध्ये प्रत्येक चित्रानंतर खेळाडूचा वेग पूर्णांकात बसवला जाई. सेकंदाला १२५ चित्रे असतील तर एक पाऊल ८ मिलिसेकंदांचे. त्या खेळातले गुरुत्वाकर्षण ८००, म्हणजे दर पावलाला वेगात ६.४ ची घट यायला हवी, पण पूर्णांकात ती सहाच उरे. गुरुत्वाकर्षण हलके झाले आणि १२५ चित्रे राखणाऱ्याची उडी इतरांपेक्षा उंच जाऊ लागली.

२००४ मध्ये ग्लेन फीडलर यांनी ‘फिक्स युअर टाइमस्टेप’ या लेखात दोन्ही वाटांचा धडा एकत्र मांडला. हिशेबाच्या वहीत शिल्लक पुढे ओढतात, तशी ही मांडणी न वापरलेली वेळ पुढच्या चित्राकडे ओढते:

```
accumulator += min(frameTime, 0.25)
while accumulator >= dt:
    previous = copy(current)
    current = step(current, dt)
    accumulator -= dt
alpha = accumulator / dt
draw(previous * (1 - alpha) + current * alpha)
```

हे एका उदाहरणावर चालवून पाहू. गणित सेकंदाला ६० पावले टाकते, पडदा १४४ चित्रे दाखवतो आणि चेंडू दर पावलाला १० पिक्सेल सरकतो. एक पाऊल १६.६७ मिलिसेकंदांचे, एक चित्र ६.९४ चे. नुसती ताजी स्थिती काढली तर पहिली जागा तीन चित्रे टिकते, दुसरी दोन, मग तीन, दोन, दोन. चेंडू थांबतो, दहा पिक्सेल उडी मारतो, पुन्हा थांबतो, आणि थांबण्याचा काळही सारखा नाही. तोच हिसका. आता शिल्लक वापरू. २०.८३ व्या मिलिसेकंदाला एक पाऊल होऊन ४.१७ उरतात, म्हणजे `alpha` ०.२५, आणि चेंडू २.५ पिक्सेलवर काढला जातो. पुढच्या चित्राला तो ६.६७ वर, त्यापुढे १०.८३ वर, मग १५ वर. दर चित्राला ४.१७ पिक्सेल, एकसारखे.

या समतेची किंमत मोजावी लागते. आपण पाहतो ती जागा मागच्या दोन पावलांच्या मधली असते, म्हणून चित्र गणिताच्या एक पाऊल मागे चालते, इथे १६.६७ मिलिसेकंद. नेमबाजीच्या खेळात हा उशीर हाताला कळतो, म्हणून माऊसने फिरणारी नजर या मधल्या मापातून वगळून थेट दर चित्राला वाचतात. वस्तू एका जागेवरून दूर दुसरीकडे प्रकट व्हायची असेल, तर `previous` देखील नव्या जागेवर ठेवावे लागते, नाहीतर ती क्षणभर पडद्यावरून घसरत गेलेली दिसते. एका पावलाचे गणितच पावलाहून जास्त वेळ घेऊ लागले, तर शिल्लक वाढतच जाते आणि खेळ गोठतो. `0.25` ची मर्यादा असते ती यासाठी, तिने खेळ संथ होतो पण अडकत नाही.

आज ही रीत इंजिनांत तयार मिळते. युनिटीत पावलाचे मूळ माप ०.०२ सेकंद असते आणि प्रत्येक वस्तूला `Interpolate` हा पर्याय वेगळा द्यावा लागतो. गोडोने द्विमितीय खेळांसाठी ही सोय २०२४ च्या ४.३ आवृत्तीत आणली. तरीही हिसका दिसला, तर आधी कॅमेरा तपासावा. सगळ्या वस्तू मधल्या जागांवर काढल्या आणि कॅमेरा मात्र गणिताच्या ताज्या जागेला चिकटून राहिला, तर ज्याच्या मागे तो धावतो तीच वस्तू थरथरते. दोष कुठे आहे हे ओळखायचे असेल, तर पावले मुद्दाम सेकंदाला दहावर आणावीत. जे तरीही अखंड सरकते ते मधल्या मापातून जाते आहे, आणि जे टप्प्याटप्प्याने उडते ते अजून गणिताच्याच घड्याळाला बांधलेले आहे.