कुंथल्याने घट्ट होणारे दार

अकोला-अमरावतीकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला, की पोट साफ न होण्याची तक्रार नेहमीची होते. भरपूर पाणी, पालेभाजी आणि रात्री इसबगोल एवढ्याने पुष्कळांचे काम भागते. काहींचे मात्र भागत नाही. मळ मऊ असतो, गुदाशयात उतरलेलाही असतो. पण कितीही कुंथले तरी बाहेर पडत नाही. असे का व्हावे, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांतच झाला.

आपल्या ओटीपोटाचा तळ स्नायूंचा बनलेला आहे. त्यातला एक स्नायू गोफणीसारखा गुदाशयाच्या मागून वळसा घालून त्याला पुढे ओढून धरतो. पाण्याची रबरी नळी दुमडली की धार थांबते, तसा या वळणामुळे मळ अडून राहतो. त्याखाली गुदद्वाराचे वर्तुळाकार स्नायू असतात. शौचाच्या वेळी दोन गोष्टी एकदम घडाव्या लागतात. पोटाच्या स्नायूंनी वरून दाब द्यायचा आणि त्याच क्षणी तळाच्या स्नायूंनी सैल पडायचे.

१९८५ साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील प्रेस्टन आणि लेनर्ड-जोन्स यांनी जुनाट बद्धकोष्ठाच्या रुग्णांमध्ये या स्नायूंचे विद्युत्-संदेश नोंदवले. रुग्ण कुंथू लागला की संदेश मंदावण्याऐवजी वाढत होते. म्हणजे दार उघडायच्या वेळी रुग्ण नकळत ते आवळत होता. जितका जोर अधिक, तितके दार घट्ट. या दोषाला त्यांनी ‘ॲनिस्मस’ म्हटले. आज त्याला ‘डिससिनर्जिया’, म्हणजे स्नायूंचा ताळमेळ बिघडणे, असे म्हणतात.

स्नायू निरोगी आहे, त्याची नसही शाबूत आहे. चुकीची आहे ती सवय. मग ती सुधारायची कशी? अक्षर गिरवणारे मूल पाटीवर पाहून आपली चूक सुधारते. या स्नायूची मात्र ‘पाटी’च दिसत नाही. ती दाखवण्याची युक्ती आधीच तयार होती. १९४८ साली अमेरिकेत आर्नल्ड केगल यांनी प्रसूतीनंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी दाबमापक वापरला होता. स्त्री स्नायू आवळी आणि काटा किती सरकला ते पाही. १९७४ साली बाल्टिमोरमध्ये एंगेल, शुस्टर आणि सहकाऱ्यांनी मळ न थोपणाऱ्या रुग्णांना याच तत्त्वाने शिकवले. दोन्ही ठिकाणी शिकवले होते ते आवळणे. १९८७ साली नेदरलँड्समधील ब्लायेनबर्ग आणि कौपर्स यांनी ‘सैल सोडणे’ शिकवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्या दहापैकी सात रुग्णांना गुण आला.

हा उपचार म्हणजे बायोफीडबॅक. तो कसा चालतो ते पाहू. गुदाशयात व गुदद्वारात दाब मोजणारी बारीक नळी बसवतात आणि रुग्णाला शौचाला बसल्यासारखे बसवतात. पडद्यावर दोन रेषा दिसतात. समजा, कुंथल्यावर गुदाशयातला दाब ५० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चढला. पण गुदद्वारातला दाबही ७० वरून ९५ वर गेला. अर्थात बाहेरचा दाब आतल्यापेक्षा जास्त, त्यामुळे मळ सरकणार नाही. आता रुग्ण पोटाने सावकाश श्वास घेतो, बेताचा जोर देतो आणि दुसरी रेषा खाली आणायचा प्रयत्न करतो. ती ४० पर्यंत उतरली, की वाट मोकळी झाली. नंतर ५० मिलिलिटर पाण्याने भरलेला फुगा गुदाशयातून बाहेर टाकण्याचा सराव होतो. शेवटी पडद्याकडे न पाहता हेच जमावे लागते.

याची कसोटी २००६ साली इटलीतील किआरिओनी आणि सहकाऱ्यांनी घेतली. १०९ रुग्णांपैकी निम्म्यांना बायोफीडबॅकच्या पाच बैठका दिल्या, उरलेल्यांना रेचक. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील सुमारे ८० टक्के, तर दुसऱ्यातील सुमारे २२ टक्के रुग्णांत मोठी सुधारणा होती.

मात्र निदान चुकले तर हा उपचार वाया जातो. ज्यांचे मोठे आतडेच मंद चालते, त्यांना याचा फारसा उपयोग नाही. शिवाय प्रयोगशाळेत, परक्यांसमोर, निरोगी माणूसही संकोचाने स्नायू आवळतो. म्हणून एका चाचणीवर विसंबत नाहीत. फुगा साधारण मिनिटभरात बाहेर टाकता येतो का, हेही पाहतात. मळातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल, तर आधी इतर आजार तपासावे लागतात.

शिक्षकांनी लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट मुलांबाबत आहे. १९९६ साली नेदरलँड्समध्ये १९२ मुलांवर झालेल्या चाचणीत, रेचक आणि नियमित सवय यांना बायोफीडबॅकची जोड देऊन अधिक फायदा दिसला नाही. मुलांमध्ये गोष्ट बहुधा वेगळ्या वाटेने सुरू होते. एकदा खडा होऊन दुखले किंवा शाळेतले शौचालय अस्वच्छ, कडी नसलेले असले, की मूल वेग दाबून धरते. दाबलेला मळ आणखी कोरडा होतो, पुढच्या वेळी अधिक दुखतो आणि मूल आणखी आवळते. हे चक्र पडद्यावरच्या रेषांनी तुटत नाही. मळ मऊ ठेवणे, जेवणानंतर पाय टेकवून निवांत बसू देणे आणि तासाला ‘बाहेर जाऊ का?’ असे विचारणाऱ्या मुलाला जाऊ देणे, यांनी ते तुटू शकते.