‘-सह’युक्त कर्ता व क्रियापद

‘सह’, ‘सोबत’, ‘बरोबर’ ही शब्दयोगी अव्यये लागलेले नाम कर्त्यात मोजले जात नाही. क्रियापद उरलेल्या प्रथमान्त कर्त्यामागे जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातील पावसाळी बातमीच घ्या : ‘मुळा धरणासह भंडारदरा धरण भरले.’ ‘मुळा आणि भंडारदरा ही धरणे भरली’ येथे मात्र अनेकवचन हवे. दोन्ही धरणे डोळ्यांपुढे असल्याने घाईत ‘मुळा धरणासह भंडारदरा धरण भरली’ असे लिहिले जाते, ते चूक. ‘तसेच’ने जोडलेली नामे मात्र ‘आणि’प्रमाणेच अनेकवचन घेतात.

‘आजी नातवासह शिर्डीला गेली’, पण ‘आजी आणि नातू गेले’. ‘सरपंच ग्रामसेवकासह आले’ यातले अनेकवचन आदरार्थी. ग्रामसेवक वगळला तरी ‘आले’च राहते. ‘आजीने नातवासह भाकरी खाल्ली’ येथे क्रियापद भाकरीचे ऐकते.