कोकम थंड असतं म्हणजे नेमकं काय?

परवा बाबांच्या रक्तातली साखर तपासली. आकडा बघून सगळ्यांचे चेहरे उतरले. गोड तर त्यांनी कधीच सोडलं होतं. मग शोध घेता घेता आईच्या लक्षात आलं: एप्रिलपासून रोज दुपारी दोन ग्लास अमृतकोकम! "अगं ते थंड असतं, औषध आहे ते," हे बाबांचं उत्तर.

मग मी आमच्या बाटलीचा हिशेब मांडला. काकू एक किलो सालांना दोन किलो साखर घालते, थरावर थर, आणि बरणी उन्हात ठेवते. सुटलेल्या पाकातले तीनचार मोठे चमचे एका ग्लासात जातात. त्यात साखर साधारण ३० ग्रॅम येते. दोन ग्लास म्हणजे चहाचे बारा चमचे. बाबा गप्प झाले. मी मात्र कोकमाच्या मागेच लागलो. :-)

कोकमाबद्दल मला माहीत असलेली जुनी लेखी नोंद गोव्यातली आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. त्यात 'ब्रिंदांव' नावाच्या, आतून रक्तासारख्या लाल आणि अतिशय आंबट फळाचा उल्लेख आहे. हे आपलं भिरंडच. त्याने सांगितलेले उपयोग वाचून मजा वाटली: रंगारी ते वापरतात आणि वाळवलेल्या सालीपासून शिरका करतात. म्हणजे आधी रंग आणि आंबटपणा. गंमत म्हणजे आयुर्वेदातही आंबट रस सहसा उष्णच मानला जातो, आवळा-डाळिंबासारखे अपवाद सोडून. तरी कोकणात उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात सरबताचा ग्लास देतात, आणि अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावतात.

मग हा आंबटपणा कशाचा? बरीच वर्षं गार्सिनिया कुळातल्या फळांत चिंच-लिंबातलीच आम्लं असतील असं समजत. १९६५ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी कोकमाच्या केरळी भावंडात, म्हणजे कुडमपुळीत, मुख्य आम्ल हायड्रॉक्सीसिट्रिक असल्याचं दाखवलं. तेच कोकमातही आहे. पुढे हे आम्ल शरीरात चरबी तयार करणाऱ्या एका एन्झाइमला अडवतं असं दिसलं आणि वजन उतरवणाऱ्या गोळ्यांचा बाजार उभा राहिला. पण १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे चाचणी झाली. रोज दीड ग्रॅम आम्ल घेणारे आणि नुसत्या खोट्या गोळ्या घेणारे, यांच्या वजनात लक्षणीय फरक निघाला नाही. मग बारा चमचे साखरेबरोबर सरबत पिऊन कोण बारीक होणार?

दुसरी गोष्ट अँटिऑक्सिडंटची. सालीत असे दोन वेगळे पदार्थ आहेत. एक गार्सिनॉल, पिवळा. प्रयोगशाळेत त्याचा प्रभाव चांगला दिसला आहे, पण तो तेलात विरघळतो, पाण्यात जवळपास नाही. म्हणजे सरबतात तो फारसा उतरत नाही. दुसरा अँथोसायनिन, आपला तो लाल रंग. तो पाण्यात उतरतो, पण उष्णता आणि उजेड त्याला सोसत नाही. उन्हात पडलेली बाटली तपकिरी दिसायला लागली की तो उडाला समजा. आंबट पाण्यात तो लाल राहतो. सरबतात चिमूटभर खायचा सोडा टाकलात, तर आम्ल मरून रंग जांभळट होतो. घरी करून बघा. सोलकढीत नारळाच्या दुधाने आंबटपणा उतरतो, त्यामुळेही रंग बदलतो.

मग 'थंड' म्हणजे काय? मला वाटतं, उत्तर ग्लासातच आहे. घामाने गेलेलं पाणी आणि मीठ परत येतं, थोडी साखर आतड्यातून ते शोषायला मदत करते, आणि आंबटामुळे कोरड्या तोंडाला लाळ सुटते. बरं वाटतं ते खरंच आहे. पण शरीराचं तापमान उतरवणारा कोकमाचा खास गुण माणसांवर सिद्ध झालेला नाही. अॅसिडिटीवर बरं वाटतं असं बरेच जण सांगतात, पण सरबत स्वतःच आम्ल आहे, ते पोटातलं आम्ल मारत नाही. ज्याला प्यायल्यावर जळजळतं, त्याने उगाच औषध म्हणून पिऊ नये.

आता बाबांना काकूने आगळ दिलंय, म्हणजे मीठ घातलेला बिनसाखरेचा रस. एक चमचा, बरंचसं पाणी, जिऱ्याची पूड. रक्तदाब असलेल्यांनी मात्र मिठाकडे बघावं, कारण आगळ मिठावरच टिकतं. बाबा म्हणाले, "थंड वाटतंय." मी म्हटलं, पाणी प्यायलात ना!

असो. तुमच्याकडे कोणत्या प्रमाणात करतात, नक्की लिहा.